एक्सेलमधे दुपारचे बारा म्हणजे 0.5 का?

हजेरीवाला

मंडळी, एक प्रश्न डोक्यात घोळतोय. आमचा चाकणजवळ छोटा कारखाना आहे, हजेरी आणि ओव्हरटाईमचा सगळा हिशेब एक्सेलमधे. परवा एका कॉलमचा फॉरमॅट General केला तर सगळ्या वेळांचे अपूर्णांक झाले. दुपारी बाराच्या जागी 0.5, सकाळी सहाच्या जागी 0.25, संध्याकाळी सहाला 0.75. दिवसाचा अर्धा, पाव, पाऊण, एवढं लक्षात आलं. पण असं का केलं ते काही कळेना. आपण वेळ तास-मिनिटांत सांगतो, मग बाराला सरळ 12 ठेवा, नाहीतर मध्यरात्रीपासूनची ७२० मिनिटं ठेवा. साडेनऊला 0.395833333 लिहिण्यात कुणाचं भलं झालं? "ते तसंच असतं" हे उत्तर नको, ते आमचे साहेब फुकटात देतात.

वडापाव_दोन

पाव, अर्धा, पाऊण... धागा वाचून भूक लागली. उसळ कुठाय?

कुंदा_ठाणे

अहो दुपारचे बारा AM का PM ह्यात माझा पण कायम घोळ होतो. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 12:00 AM पडलं होतं आणि शाळेतून फोन आला, मीटिंग मध्यरात्री आहे का म्हणून. मी तर आता चोवीस तासांचंच घड्याळ लावलंय.

हजेरीवाला

ताई, प्रश्न तो नव्हता :) पण एक्सेलमधे 12:00 AM म्हणजे 0 आणि 12:00 PM म्हणजे 0.5, एवढं आता मला खात्रीने सांगता येतं.

बायनरीबुवा

सोप्पं आहे. कॉम्प्युटर सगळं दोनच्या भाषेत ठेवतो. अर्धा, पाव, अष्टमांश हे त्यात नेमके बसतात. २४ आणि ६० बसत नाहीत. म्हणून मायक्रोसॉफ्टने दिवसाचे भाग करायचं ठरवलं. विषय संपला.

जुनी_खातेवही

बुवा, अर्धं बरोबर. अर्धा आणि पाव नेमके बसतात हे खरं, पण ते कारण नव्हे. कारण असतं तर सकाळचे दहा पण नेमके बसले असते, ते बसत नाहीत, 0.41666 असं जात राहतं. उलट तास मोजले असते तर दहा म्हणजे 10, एकदम स्वच्छ. म्हणजे नेमकेपणासाठी कुणी हे निवडेल असं वाटत नाही.

मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे आयुष्य काढलंय, एक्सेलच्या आधीच्या लोटस 1-2-3 च्या काळापासून. माझ्या मते वेळेचा प्रश्न तारखेपासून सुरू करायला हवा. एक्सेलच्या सेलमधे आकडा बसतो, मजकूर बसतो, TRUE/FALSE बसतं, एरर बसते. तारीख नावाचा वेगळा प्रकारच नाही. तारीख म्हणजे आकडा आणि त्याला चढवलेला फॉरमॅट, बास. मग तारखेचा आकडा कुठला घ्यायचा? हिशेबवाल्याला काय लागतं ते बघा. बिल आज निघालं, पैसे ४५ दिवसांत यायला हवेत, तारीख काय? व्याज किती दिवसांचं? म्हणून एक दिवस म्हणजे 1. १५ ऑगस्ट २०२४ हा एक्सेलमधे 45519. त्यात 45 मिळवले की 45564, फॉरमॅट लावला की २९ सप्टेंबर. महिना ३० चा का ३१ चा हे बघावं लागत नाही.

आता ह्याच आकड्यात वेळ घालायचीय. डावीकडची जागा दिवसांनी घेतली, मोकळी उरली ती टिंबाच्या उजवीकडची. दिवस म्हणजे 1 असं एकदा ठरलं की अर्धा दिवस 0.5 होणारच, त्यासाठी वेगळं काही ठरवावं लागत नाही. १५ ऑगस्टची दुपार म्हणजे 45519.5. एकाच आकड्यात तारीख पण आणि वेळ पण. सॉर्ट करा, वजाबाकी करा, लहानमोठं बघा, साध्या आकड्यासारखं सगळं चालतं.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे बाराला 12 ठेवलं असतं तर तारीख एका आकड्यात आणि वेळ दुसऱ्यात. मग काल रात्री दहा ते आज सकाळी सहा किती तास हे काढायला दोन ठिकाणी हिशेब.

कडवट_काढा

पटलं नाही. सेकंद मोजायचे ना, युनिक्स मोजतं तसे १ जानेवारी १९७० पासून. पूर्ण आकडा, टिंब नाही, कटकट नाही.

जुनी_खातेवही

काढासाहेब, मग ४५ दिवसांसाठी 3888000 मिळवा. आणि ते ऑफिसात पहिल्यांदाच कॉम्प्युटर बघणाऱ्या कारकुनाला समजावून सांगा. युनिक्सवाले प्रोग्रॅमर होते, लोटसवाल्यांचं गिऱ्हाईक वेगळं होतं.

कडवट_काढा

कारकुनाला 0.395833333 समजतं वाटतं?

जुनी_खातेवही

त्याला ते दिसतच नाही ना. फॉरमॅट लावलेला असतो. दिसलं कुणाला, तर ज्यांनी General केलं त्यांना :)

रात्रपाळी_राणी

मी एका हॉस्पिटलात रोस्टर बघते. मला कारण काही का असेना, पण ह्या अपूर्णांकानेच माझं काम होतं. रात्री सव्वादहाला आली आणि सकाळी पावणेसातला गेली, तर सरळ वजाबाकी केली की सेलभर #### येतं. कारण 0.28125 मधून 0.927083333 गेले की उणे, आणि उणे वेळ एक्सेलला दाखवता येत नाही. त्यावर हे लावते:

```
=MOD(B2-A2,1)
```

उणे 0.645833333 मधे पूर्ण एक दिवस मिळवला जातो आणि 0.354166667 उरतो, म्हणजे साडेआठ तास. दिवस म्हणजे 1 आहे म्हणूनच हे एका ओळीत होतं. १२, २४, ६० असलं काही लिहावं लागत नाही.

हजेरीवाला

राणीताई, भारीच! मी IF टाकून टाकून दमलो होतो. आता हे बघा, तुमच्या उदाहरणात पावणेसात म्हणजे 0.28125, तिथेच संपलं. पण सव्वादहा म्हणजे 0.927083333, ते 3333 पुढे चालूच. दोन्ही वेळा साध्याच आहेत, मग एकीलाच शेपूट का?

बायनरीबुवा

आता मात्र माझा विषय आहे, बोलू द्या. दिवसात १४४० मिनिटं. १४४० म्हणजे ३२ गुणिले ४५. ३२ हा दोनाच्या घरातला, त्याची काही तक्रार नाही. घोटाळा करतो तो ४५. त्यामुळे मध्यरात्रीपासूनची मिनिटं ४५ च्या पाढ्यात असतील तरच दोनच्या भाषेत अपूर्णांक संपतो. पावणेसात म्हणजे ४०५ मिनिटं, ४५ नव्वे ४०५, म्हणून ९/३२, म्हणून 0.28125. सव्वादहा म्हणजे १३३५, पाढ्यात नाही, झाली शेपटी. मिनिटांच्या पूर्ण वेळा धरल्या तर अख्ख्या दिवसात फक्त ३२ वेळा अशा नेमक्या आहेत. उरलेल्या १४०८ एक्सेल अंदाजे ठेवतं.

वडापाव_दोन

४५ चा पाढा कोणाला पाठ असतो हो? अडीचकी-औटकीवाले आजोबा आले का धाग्यावर?

हजेरीवाला

अंदाजे??? मग आमच्या लोकांचा पगार पण अंदाजे निघतो का?

जुनी_खातेवही

घाबरू नका. आजकालच्या तारखेचा आकडा ४५ हजारांच्या पुढे आहे, तिथे ह्या अंदाजाची चूक एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढीसुद्धा नसते. पगारात दिसणार नाही. ती दिसते ती दोन वेळा तंतोतंत सारख्या आहेत का हे विचारताना. समजा पहिल्या सेलमधे 9:00 लिहिलं, खाली प्रत्येक सेलमधे वरच्यात दहा मिनिटं मिळवत ओढत नेलं. दर पायरीला किंचित चूक साठत जाते. संध्याकाळपर्यंत सेलमधे 17:30 दिसतं पण आतला आकडा टाईप केलेल्या 17:30 पेक्षा शेवटच्या कुठल्यातरी स्थळाला वेगळा निघू शकतो. मग VLOOKUP म्हणतं #N/A, आणि माणूस डोळ्यांनी बघत बसतो की दोन्ही सारखेच तर आहेत. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना मिनिटं पूर्ण करून घ्यायची:

```
=ROUND(A2*1440,0)/1440
```

कडवट_काढा

म्हणजे बघा, पूर्ण मिनिटं मोजली असती तर हा ROUND लागलाच नसता. तुम्हीच कबूल केलंत.

जुनी_खातेवही

हा मुद्दा मान्य. पण मग ज्याला सेकंद लागतात तो काय करणार, आणि शर्यतीचं टायमिंग लिहिणाऱ्याला शतांश लागतात तो? कुठेतरी टिंब येणारच.

कडवट_काढा

तेव्हा बघितलं असतं.

परदेशी_पाटील

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे अजून एक गंमत आहे जी भारतात कळत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ तासाने पुढे जातं, दोनाचे एकदम तीन. तो दिवस २३ तासांचाच. त्या दिवशी दुपारी बाराला मध्यरात्रीपासून ११ तास झालेले असतात, पण एक्सेलमधे 0.5 च. म्हणजे हे दिवसाचा अर्धा गेला असं काही सांगत नाही, घड्याळात काटा कुठे आहे तेवढं सांगतं. माझी बायको नर्स आहे. शनिवारी रात्री अकरा ते रविवारी सकाळी सात अशी ड्युटी केली तर MOD आठ तास दाखवतो, प्रत्यक्षात सातच झालेले असतात. नोव्हेंबरात उलटं, नऊ तास राबायचं आणि शीटवर आठ. तेव्हा मात्र शीटशी भांडावं लागतं :)

रात्रपाळी_राणी

अगं बाई. नोव्हेंबरचा तो तास मिळतो का मग?

परदेशी_पाटील

तिथे हाताने लिहितात. एक्सेलला टाईमझोन, उन्हाळी वेळ काही कळत नाही. त्याचा प्रत्येक दिवस ८६४०० सेकंदांचाच.

घटका_पळे

खगोलवाले पण दिवस असेच मोजतात बरं का. ज्युलियन दिनांक म्हणून प्रकार आहे, त्यात दिवसांची एकच अखंड मोजणी आणि वेळ टिंबानंतर. फक्त तिथे दिवस दुपारी बाराला सुरू होतो, म्हणून .5 म्हणजे मध्यरात्र. एक्सेलच्या बरोब्बर उलटं. कारण साधं आहे, रात्रभर निरीक्षण करणाऱ्याला मधेच मध्यरात्री तारीख बदललेली नको असते.

आपल्याकडचं अहर्गण तेच, युगारंभापासून किती दिवस लोटले त्याचा आकडा. आकडा फार मोठा होतो म्हणून कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघवात अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली, एक चक्र ४०१६ दिवसांचं, आणि चक्रातले उरलेले दिवस तेवढे मोजायचे. हाताने गणित करणाऱ्याची सोय.

वडापाव_दोन

म्हणजे एक्सेल आपल्याकडे आधीच होतं. फॉरवर्ड करू का फॅमिली ग्रुपवर?

घटका_पळे

नका हो. एक्सेलचा ह्याच्याशी काही संबंध नाही, दिवस मोजायची गरज सगळ्यांनाच पडते एवढंच म्हणायचंय. आणि आपल्याकडे दिवसाचे ६० घटका, घटकेची ६० पळं, तिथे कुणी टिंब वापरत नव्हतं.

सातारी_कंदी

मला एक सांगा, नुसती वेळ असलेल्या सेलला तारखेचा फॉरमॅट दिला की 00-01-1900 दिसतं. शून्य जानेवारी! ही कुठली तारीख?

जुनी_खातेवही

नुसती वेळ म्हणजे पूर्णांक भाग शून्य. 1 म्हणजे १ जानेवारी १९००, मग 0 म्हणजे त्याच्या आदला दिवस, त्याला एक्सेल शून्य जानेवारी म्हणतं. त्याच्याही मागे जाता येत नाही, म्हणूनच वर राणीताईंना #### दिसलं. मॅकवरच्या जुन्या एक्सेलचा पाया १९०४ चा होता. तो पर्याय आजही सेटिंगमधे आहे आणि त्यात उणे वेळ दिसते. पण भरलेल्या फाईलमधे तो चालू करू नका, आधी लिहिलेल्या सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी सरकतात. चार वर्षं आणि एक दिवस.

शिवाय एक्सेलच्या लेखी २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस होता, आकडा 60. प्रत्यक्षात १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. लोटसमधे तशी चूक होती आणि लोटसच्या फाईली जशाच्या तशा उघडायला हव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम ठेवली. तेव्हा हजेरीवाले, तुमच्या "का" चा एक भाग हा पण आहे. मोजणीची ही पद्धत एक्सेलने कोऱ्या पाटीवर ठरवलेली नाही, बाजारात जे चाललं होतं त्याच्याशी जुळवून घेतली.

कडवट_काढा

म्हणजे शेवटी "ते तसंच असतं". साहेब बरोबर होते.

हजेरीवाला

हाहा. नाही, आता पटलं. पण मग माझी खरी डोकेदुखी सांगतो. आमचा पाळीप्रमुख साडेनऊ 9.30 असा लिहितो, टिंब देऊन. आपण सगळे कागदावर तसंच लिहितो ना, पत्रिकेवर पण मुहूर्त असाच छापतात. त्या कॉलमला वेळेचा फॉरमॅट दिला की 9.30 चं 7:12 होतं. आधी वाटलं फाईल बिघडली.

रात्रपाळी_राणी

बिघडली नाही. एक्सेलने नऊ दिवस आणि वर 0.30 दिवस असं वाचलं. 0.30 गुणिले 24 म्हणजे 7.2 तास, म्हणजे सात तास बारा मिनिटं. नऊ दिवस फॉरमॅटमधे दिसत नाहीत. कॉलममधे कुठेही वेळेला न शोभणारी 7:12, 3:36 असली मिनिटं दिसली की समजायचं टिंब आलंय. आमच्याकडे मी हे लावते:

```
=TIME(INT(A2),ROUND(MOD(A2,1)*100,0),0)
```

ROUND काढू नका, नाहीतर मधूनच एखादं मिनिट कमी येईल, कारण TIME उरलेला चुरा सरळ फेकून देतो.

सातारी_कंदी

आणि कुणी 9.5 लिहिलं असेल तर? नऊ वाजून पाच, साडेनऊ का नऊ पन्नास?

रात्रपाळी_राणी

फॉर्म्युला नऊ पन्नास धरणार. 9.50 लिहिलं तरी एक्सेल शेवटचं शून्य खाऊन 9.5 च ठेवतं, त्यामुळे तो बरोबर पण असू शकतो. खरं काय ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

बायनरीबुवा

Data Validation मधे Time लावा, सुरुवात 0:00, शेवट 23:59. 9.30 टाकलं की घेणारच नाही, कारण तो एकापेक्षा मोठा आकडा आहे.

हजेरीवाला

हे मस्त. आजच लावतो. अजून एक, राणीताईंच्या फॉर्म्युल्याने साडेआठ तास आले, त्याला तासाच्या १२० रुपये दराने गुणलं तर 42.50 आले. १०२० यायला हवेत.

परदेशी_पाटील

आधी 24 ने गुणा. सेलमधे 8:30 दिसत असलं तरी आत 0.354166667 आहे, तुम्ही दिवसाच्या तिसऱ्या भागाला तासाचा दर लावताय. पगार चोवीसपट कमी आला की हेच समजायचं.

```
=MOD(B2-A2,1)*24*120
```

आणि आठवड्याची बेरीज करताना फॉरमॅट [h]:mm घ्या. साध्या h:mm मधे साडेआठचे पाच दिवस 18:30 दिसतील, कारण पूर्ण झालेला दिवस तो दाखवतच नाही. चौकटी कंसाने 42:30 दिसेल. बेरीज दोन्हीकडे बरोबरच असते.

कुंदा_ठाणे

हे 18:30 वालं मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या शीटमधे दिसलं होतं!! सेक्रेटरी म्हणाले वॉचमन आठवडाभरात अठराच तास आला. वॉचमन बिचारा म्हणत होता मी रोज येतो.

कडवट_काढा

मिनिटं मोजली असती तर...

वडापाव_दोन

काढा, तुमच्या मिनिटांच्या बेरजेचा आकडा आला असता 2550. तो सेक्रेटरींना दाखवला असतात तर वॉचमनला वर्षाचा पगार एकदम मिळाला असता.